वहीत लिहिले तसेच, की शुद्ध करून?

*आजोबांची १९३८ ते १९४३ या काळातली रोजनिशी संगणकावर उतरवून घेत आहे. शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी आहेत. जसेच्या तसे टंकावे, की चुका गुपचूप दुरुस्त कराव्यात? घरचे म्हणतात, चुकांसकट ठेवलेस तर आजोबांनाच लोक अडाणी म्हणतील.*

पहिली प्रत अक्षरशः उतरवा, एकही चूक न सुधारता. घरच्यांना वाचायला सोपी प्रत हवी असेल तर ती या पहिल्या प्रतीवरून वेगळी तयार करा आणि तिच्या पहिल्याच पानावर काय बदलले ते लिहा. हा क्रम उलटा करता येत नाही. अक्षरशः उतरवलेल्या मजकुरावरून शुद्ध प्रत केव्हाही निघते. शुद्ध केलेल्या प्रतीवरून मुळात काय होते ते मात्र कुणालाच सांगता येत नाही, आणि महिन्याभराने तुम्हालाही आठवत नाही.

जुन्या नकलांवर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा असतो. अस्सल म्हणजे मूळ कागद आणि बरहुकूम म्हणजे त्याला धरून. नक्कल करणारा त्या शेऱ्याने एक हमी देत असे: यात माझे काही नाही. तुमची पहिली प्रत त्या जातीची असावी. वीसेक वर्षे जुनी पत्रे आणि वह्या उतरवण्याचे काम केल्यावर मी या मतावर आलो आहे. सुरुवातीला माझे मत असे नव्हते, त्याचे कारण पुढे सांगतो.

त्याआधी, ज्यांना तुम्ही चुका म्हणता त्यांतल्या बहुतेक चुका नाहीतच, हे पाहू. तुम्ही वहीतला मजकूर दिलेला नाही, म्हणून त्या काळच्या धाटणीचा एक उतारा मीच तयार करतो:

> ता. १४. तात्यांच्या पत्राची वाट पाहात होतों. दुपारीं ३॥ वाजतां तें आलें. मन ऊदास झालें. आईची प्रकृति बरी नाहीं. चिठी लिहून गणूजवळ दिली. ऊद्यां निघणें जरूर आहे आहे.

आजच्या नियमांनी तपासायला बसलो तर इथे चौदा ठिकाणी लाल रेघ ओढावी लागेल. आता एकेक बघा. होतों, दुपारीं, वाजतां, तें, आलें, झालें, नाहीं, निघणें या आठ शब्दांत फक्त शेवटचा अनुस्वार आज लिहीत नाहीत एवढाच फरक आहे. हे अनुस्वार १९३८ साली शाळेत शिकवले जात. ते वगळण्याचा नियम मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी आला. ‘प्रकृति’चेही तसेच. तत्सम शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व इकार-उकार मराठीत दीर्घ लिहायचा, म्हणजे प्रकृती, कवी, गुरू, हे त्याच नियमांत ठरले. त्याआधी ‘प्रकृति’ हेच शुद्ध होते. ‘पाहात’ हे रूपही तेव्हा सर्रास चालत असे, ‘पाहत’ हा आग्रह नंतरचा. म्हणजे चौदापैकी दहा शब्द आजोबांनी त्यांच्या काळच्या रिवाजाप्रमाणे बरोबर लिहिले आहेत. ते ‘सुधारणे’ म्हणजे पुढच्या पिढीचा नियम मागच्या पिढीच्या हातात कोंबणे.

उरले चार. त्यांतला ‘चिठी’ आपल्याला चुकीचा वाटतो, पण जुन्या कागदांत ‘चिठी’ हे रूप पुष्कळदा दिसते. आजोबांनी ते वडीलधाऱ्यांच्या लिहिण्यातून उचललेले असू शकते. ‘ऊदास’ आणि ‘ऊद्यां’ ही लकब आहे, तिच्याकडे येतोच. निखालस हातचूक म्हणावी अशी एकच गोष्ट राहते, शेवटी दोनदा आलेले ‘आहे’. चौदा लाल रेघांतून एक चूक निघाली. तुमच्या वहीत हे प्रमाण नेमके असेच निघेल असे नाही, पण एक पान घेऊन असे बसून बघा. ‘पानोपानी चुका’ हा शब्दप्रयोग तुम्ही पुन्हा करणार नाही.

आता त्याच उताऱ्यातल्या दुसऱ्या वाक्यापाशी जरा थांबू, कारण गुपचूप दुरुस्तीने काय बिघडते ते तिथे डोळ्यांनी दिसते. ‘तात्यांच्या पत्राची वाट पाहात होतों. दुपारीं ३॥ वाजतां तें आलें.’ इथे ‘तें आलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आहे. काय आले? पत्र. तात्या आले असते तर आजोबांनी ‘ते आले’ असे अनुस्वाराशिवाय लिहिले असते, कारण जुन्या लेखनात हा फरक त्या टिंबानेच दाखवत. आता आजच्या नियमाने टंकून बघा: ‘तात्यांच्या पत्राची वाट पाहत होतो. दुपारी ३॥ वाजता ते आले. मन उदास झाले.’ कोण आले? पत्र की तात्या? वाचणारा बहुधा ‘तात्या आले आणि मन उदास झाले’ असेच समजेल. पत्राच्या जागी माणूस घरात आला, आणि तोही असा की ज्याच्या येण्याने घरातले उदास होतात. पुढे कुणी या प्रतीवरून घराण्याची हकीकत लिहिली तर तात्यांची एक भेट तीत कायमची नोंदली जाईल, जी कधी झालीच नाही. हे सगळे एका टिंबाने झाले, आणि टंकणाऱ्याला आपण काही बिघडवले याची जाणीवसुद्धा नाही, कारण त्याने नियमाप्रमाणे ‘शुद्ध’च केले.

असे आणखी अनुस्वार आहेत. ‘नांव’ म्हणजे ज्याने हाक मारतात ते आणि ‘नाव’ म्हणजे होडी, हा फरक जुन्या लेखनात होता. ‘मी’ आणि ‘मीं’ यांतही फरक करत: ‘मी गेलों’, पण ‘मीं पत्र लिहिलें’. बहुतेक वेळा संदर्भाने अर्थ कळतो, हे खरे. पण रोजनिशी हा प्रकारच असा आहे की लिहिणारा स्वतःसाठी लिहितो, संदर्भ त्याच्या डोक्यात असतो, वाक्ये तुटक असतात. जिथे संदर्भ तोकडा तिथे त्या टिंबावर भार जास्त.

त्याच वाक्यातले ‘३॥’ बघा. हा पूर्णविराम नाही, दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा. ३॥ वाजतां म्हणजे साडेतीन वाजता. एक रेघ असेल तर पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ज्याला हे माहीत नाही तो ‘विरामचिन्ह चुकून पडले’ म्हणून रेघा काढून टाकतो आणि ‘३ वाजता’ करतो. काहीजण ‘३११’ असेही टंकतात. रेघांची चिन्हे जशी दिसतात तशी ठेवली तर नंतर जाणकार वाचू शकतो. काढली तर अर्धा तास कुठे गेला ते कळायला मार्ग नाही. वहीत हिशेब असतील तर हीच गोष्ट रकमेच्या आकड्यांत दिसेल आणि तिथे नुकसान मोठे. आकड्यांबद्दल माझा नियम सरळ आहे: बेरीज चुकलेली दिसली तरी चुकलेलीच उतरवायची आणि खाली टिपेत लिहायचे की बेरीज इतकी यायला हवी. बेरीज चुकली आहे, की वरचा एखादा आकडा आपण चुकीचा वाचला आहे, हे त्या क्षणी आपल्याला ठाऊक नसते. माझ्या अनुभवात बऱ्याचदा दुसरेच निघते.

आता लकबीबद्दल, आणि माझे मत का बदलले त्याबद्दल.

फार वर्षांपूर्वी मी एका घरातली साठ-सत्तर पत्रे उतरवली. लिहिणारे तीन भाऊ. त्यांतला मधला शब्दाच्या सुरुवातीचा उ नेहमी दीर्घ काढायचा: ऊत्तर, ऊपाय, ऊद्यां. मला ते खटकायचे. मी सरसकट ‘उ’ केले आणि त्याची नोंदही कुठे ठेवली नाही, मनात म्हटले, यात काय नोंदवायचे? नंतर त्याच गठ्ठ्यात चार पत्रे निघाली ज्यांवर सही नव्हती, शेवटची पाने गहाळ होती. जमिनीच्या वाटणीबद्दलचा मजकूर त्यांतच होता आणि ती कुणी लिहिली हे घरच्यांना हवे होते. तिघांचे अक्षर एकाच वळणाचे. ओळख पटवायला हाताशी असलेली एकमेव खूण म्हणजे तो दीर्घ ऊ, आणि माझ्या प्रतीत तो कुठेच नव्हता. पुन्हा मूळ पत्रांकडे जावे लागले. तोपर्यंत ती घर बदलताना भिजली होती, काही घड्या उलगडताना तुटली. दोन पत्रांबद्दल मी छातीठोक सांगू शकलो, दोनांबद्दल नाही. ती दोन पत्रे कुणाची हे आता कधीच कळणार नाही आणि त्याला माझी नीटनेटकेपणाची हौस कारण आहे.

दीर्घ ऊ काढण्यामागे बहुतेक वेळा अडाणीपणा नसतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद सहसा ठेवत नाहीत. इकार एकच, उकार एकच. ज्यांचा हात मोडीवर बसला आणि जे नंतर बाळबोध लिहू लागले त्यांच्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाची अशी सरमिसळ पुष्कळ आढळते. तुमच्या आजोबांच्या वहीत ती असेल, तर ते कुठल्या वळणाचे लिहिणे शिकले याचा धागा त्यातून मिळू शकतो. शिवाय पाच वर्षांच्या वहीत लकब बदलतेही. सुरुवातीला ‘ऊ’ आणि पुढे ‘उ’ होत गेला, किंवा अनुस्वार विरळ होत गेले, तर तारीख नसलेले एखादे सुटे पान कोणत्या काळातले असावे याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. वहीत काही पाने खुद्द मोडीत असतील तर मात्र ‘जसेच्या तसे’ला मर्यादा येते, कारण देवनागरीत उतरवताना ऱ्हस्व की दीर्घ हे तुम्हालाच ठरवावे लागते. तिथे एक पद्धत ठरवा, शेवटपर्यंत तीच पाळा आणि ती कोणती ते लिहून ठेवा.

गुपचूप दुरुस्तीचा याहून मोठा धोका मला वेगळाच वाटतो. ती आपल्या वाचनातल्या चुका लपवते. हस्ताक्षर वाचताना आपण अक्षरे कमी आणि अंदाज जास्त वाचतो. ओळखीचा शब्द दिसला की डोळा पुढे सरकतो. एखादा शब्द ‘चुकलेला’ वाटला तर त्याचा अर्थ दोनपैकी एक असतो: लिहिणारा चुकला, किंवा आपण. दुरुस्त करण्याची मुभा स्वतःला दिली की आपण प्रत्येक वेळी पहिला पर्याय निवडतो. एका तरुण सहकाऱ्याने उतरवलेल्या कागदात मला ‘इसम मजूर याने कबूल केले’ असे वाक्य दिसले. मूळ पाहिले तर ‘इसम मजकूर यानें’. जुन्या लेखनात मजकूर म्हणजे वर सांगितलेला, सदरहू. साल मजकूर, मौजे मजकूर असे शब्द कागदोपत्री सारखे येतात. त्याला तो अर्थ माहीत नव्हता. ‘क’ जास्तीचा पडला असे समजून त्याने तो काढून टाकला आणि वाक्य सुरेख अर्थपूर्ण झाले. एका माणसाला नसलेला पेशाही मिळाला. त्याने ‘मजकूर’ तसाच ठेवला असता तर वाचणारा अडखळला असता, शब्दकोश उघडला असता, आणि काम झाले असते. अडखळायला लावणारा शब्द शिल्लक असणे ही प्रतीची ताकद आहे. पाठचिकित्सेत जुना दंडक आहे की दोन पाठांत जो अवघड तो सहसा मूळचा, कारण नकलाकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करत नाही. आपणही नकलाकारच.

म्हणून शब्द चुकलेला दिसला की माझा हात आधी मूळ पानाकडे जातो. तो शब्द मोठा करून पुन्हा वाचायचा. मग वहीत तोच शब्द किंवा तेच जोडाक्षर दुसरीकडे कुठे आहे ते शोधायचे. तिथेही तसाच असेल तर ती लकब, दुसरीकडे बरोबर असेल तर हातचूक. तरीही उलगडा झाला नाही तर दिसते ते टंकायचे आणि पुढे प्रश्नचिन्ह चौकटी कंसात. अंदाज करायचाच असेल तर तो टिपेत करावा.

यंत्राकडे मात्र आधीच लक्ष द्या. फोनचा कीबोर्ड असो की लेखनाचा प्रोग्राम, आपोआप दुरुस्ती आणि शब्द सुचवण्याची सोय पूर्ण बंद करा. ‘नाहीं’ टंकल्यावर ‘नाही’ होऊन बसते आणि आपल्या नजरेला ते दिसतच नाही, कारण ‘नाही’ आपल्याला बरोबरच दिसते. तुम्ही कितीही प्रामाणिक असा, तुमच्या नकळत गुपचूप दुरुस्ती करणारा एक जण तिथे बसलेला असतो.

खुणा कशा करायच्या? कमीत कमी. प्रत्येक चुकीपुढे ‘[मुळात असेच]’ लिहीत सुटू नका. एक तर वाचणे अशक्य होते, आणि दुसरे, पानावर दहा वेळा ते आले की ते बोट दाखवून हसल्यासारखे दिसते. घरच्यांची भीती अशा प्रतीबद्दल असेल तर ती रास्त आहे. ही खूण फक्त तिथे करा जिथे वाचणाऱ्याला वाटेल की चूक तुमची आहे. वरच्या उताऱ्यात मी ती एकाच जागी करेन: ‘जरूर आहे आहे [मुळात असेच]’. ऊदास, ऊद्यां यांना खूण नको. सुरुवातीच्या निवेदनात एक वाक्य लिहिले की भागते: शब्दारंभीचा उ बहुतेक ठिकाणी दीर्घ आहे, तो तसाच ठेवला आहे. आजोबांनी स्वतः खोडलेले शब्द मात्र खोडलेलेच दाखवा. ‘उद्यां जाणार’ लिहून ‘जाणार’ खोडले आणि वर ‘येणार’ लिहिले, तर त्या खाडाखोडीत एक बदललेला बेत आहे. ता., रा. रा., सा. न. वि. वि. असे संक्षेप फोडू नका. फोडायचेच असतील तर जोडलेली अक्षरे गोल कंसात घाला, म्हणजे ‘ता(रीख)’. तुम्ही भरलेले कुठले आणि वहीतले कुठले ते डोळ्यांना वेगळे दिसले पाहिजे.

शिलालेख आणि पपायरस उतरवणाऱ्यांनी १९३१ मध्ये लायडेन इथे कंसांचे संकेत ठरवले, तेही याच गरजेपोटी. फाटून गेलेला आणि आपण भरलेला भाग चौकटी कंसात, संक्षेप फोडून घातलेली अक्षरे गोल कंसात. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या संपादकांनी ज्या पाठाची पुरती खात्री नाही त्याखाली नागमोडी रेघ दिली आणि बाकीची पाठांतरे पानाच्या तळाशी छापली. आपले काम त्याच्या तुलनेत चिमूटभर आहे, पण शिस्त तीच.

मजकूर पुढे संकेतस्थळावर किंवा संग्रहात जायचा असेल आणि थोडे तांत्रिक काम जमत असेल तर दोन प्रती वेगळ्या ठेवायचीही गरज नाही. टीईआय नावाची खुणांची पद्धत आहे, तीत मूळ आणि बदल शेजारी शेजारी नोंदतात:

```
मन <choice><orig>ऊदास</orig><reg>उदास</reg></choice> झालें.
जरूर <choice><sic>आहे आहे</sic><corr>आहे</corr></choice>.
```

`sic` आणि `corr` ही जोडी चुकीसाठी, `orig` आणि `reg` ही जोडी चूक नसलेल्या पण आजच्याहून वेगळ्या रूपासाठी. हा भेद तिथे मुद्दाम केलेला आहे. प्रत्येक शब्दापाशी ‘ही चूक आहे की निराळी रीत?’ हा प्रश्न तुम्हाला स्वतःला विचारावाच लागतो. एकाच फाइलीतून मग अक्षरशः प्रतही निघते आणि वाचनप्रतही. शोधण्याची अडचणही सुटते: ‘प्रकृती’ शोधणाऱ्याला ‘प्रकृति’ असलेले पान सापडते. हे जमणार नसेल तर दोन साध्या फायली पुरेत. पान क्रमांक आणि ओळी मात्र दोन्हींत सारख्या ठेवा, नाहीतर ताडून पाहता येत नाही.

काही बदल न सांगता, म्हणजे प्रत्येक जागी खूण न करता, करायला माझी हरकत नाही. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द जोडणे, शब्दांमधल्या अंतराची ओढाताण सरळ करणे, पानाच्या कडेला जागा नाही म्हणून वर चढवलेले अक्षर ओळीत घेणे. यांनी शब्द बदलत नाही. पण यांचाही उल्लेख निवेदनात एकदा हवा. विरामचिन्हे मी या यादीत घालत नाही. रोजनिशी लिहिणारे पूर्णविराम सढळपणे टाकत नाहीत, आणि आपण टाकलेला एक पूर्णविराम ‘काल’ हा शब्द आधीच्या वाक्याला जोडायचा की नंतरच्या हे ठरवून टाकतो. नावांना तर हात लावूच नका, एकाच माणसाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असले तरी. तीन तऱ्हा एकाच माणसाच्या आहेत हे आज तुम्हाला वाटते आहे, उद्या ते दोन निघू शकतात.

मूळ कागदाची छापील आवृत्ती असेल आणि त्यात खिळे जुळवताना झालेला उघड दोष असेल, तर पुनर्मुद्रणात तो दुरुस्त करणे वाजवी आहे, कारण तो लेखकाचा नव्हे. तिथेही मी शेवटी दुरुस्त्यांची यादी देतो. लिहिणारी व्यक्ती हयात असेल तर तिला विचारावे. आणि कागद दस्त, मृत्युपत्र, साक्ष या जातीचा असेल तर प्रश्नच नाही, तिथे एक वेलांटीही बदलायची नाही.

उतरवून झाल्यावर ताडून पाहताना एकट्याने बसू नका. एकाने मूळ पानावरून मोठ्याने वाचायचे, अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ उच्चारून: ‘नाहीं, दीर्घ ही, वर अनुस्वार’. दुसऱ्याने टंकलेल्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचे. हे कंटाळवाणे आहे, पहिली काही पाने फार हळू होतात, नंतर लय बसते. सोबत कुणी नसेल तर पान खालच्या ओळीकडून वरच्या ओळीकडे तपासत या. अर्थाचा ओघ तुटला की डोळा अंदाज करणे थांबवतो आणि अक्षरे बघू लागतो. तपासणीत प्रत किती बिघडली आहे ते ओळखायची माझी एक खूण आहे: एखाद्या पानावर तुमच्या प्रतीत अनुस्वार एकदम विरळ झाले आणि मुळात ते तसेच दाट असले, तर त्या पानापाशी तुम्ही दमला होता. ते पान पुन्हा टंका.

घरच्यांच्या काळजीचे उत्तर वाचनप्रतीत आहे. ती जरूर करा. तीत अनुस्वार काढा, ऱ्हस्व-दीर्घ आजचे करा, फक्त जिथे ‘तें आलें’सारखी जागा येईल तिथे थांबून ‘ते [पत्र] आले’ असे कंसात भरा. पहिल्या पानावर निवेदन घाला. मी साधारण असे लिहितो, तुमच्या वहीप्रमाणे बदलून घ्या:

> ही वाचनप्रत आहे. मूळ वही १९३८ ते १९४३ या काळातली असून तिचे लेखन तेव्हाच्या रीतीचे आहे. या प्रतीत अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ आजच्या नियमांप्रमाणे केले आहेत. शब्द, नावे, तारखा, आकडे आणि वाक्यांचा क्रम बदललेला नाही. चौकटी कंसातला मजकूर उतरवणाऱ्याचा आहे. अक्षरशः उतरवलेली प्रत आणि पानांची छायाचित्रे वेगळी ठेवली आहेत; शंका आल्यास तीच प्रमाण मानावी.